धरणओळख, पुढची नोंद: साळावलीचा गोल सांडवा आणि कमानीचा चकवा

गोव्यातल्या साळावली धरणाच्या फोटोवर ‘कमानी धरण’ असा शेरा वारंवार पडतो, म्हणून या खेपेला तेच धरण घेतलं. दोष त्या गोल सांडव्याचा. त्याची काँक्रीटची कड जलाशयाच्या बाजूला फुगलेली आहे, आणि कमानी धरणही नेमकं तसंच फुगतं.

फरक टोकांपाशी कळतो. कमान पाण्याचा रेटा दोन्ही काठांच्या खडकात ढकलते. केरळातल्या इडुक्की या कमानी धरणाच्या फोटोत कुरवन आणि कुरत्ती या दोन टेकड्या भिंतीला थेट भिडलेल्या दिसतात. साळावलीच्या सांडव्याच्या दोन्ही अंगांना मातीचा भराव पसरलाय, आणि भराव असला रेटा पेलणार नाही. तिथली गोलाई फक्त सांडव्याची कड लांब करते, म्हणजे थोड्या जागेतून जास्त पाणी उतरतं. धरण मुळात मातीचंच, सुमारे 43 मीटर उंच आणि किलोमीटरभर लांब.

आता फोटोवरून धरणाचा प्रकार ठरवायचं मोजमाप. फोटो माथ्याच्या रेषेत, काठावर उभं राहून काढलेला हवा. आधी माथा आडवा करून घ्यायचा. मग कोरड्या बाजूच्या उताराचा एक सरळ तुकडा निवडून त्याची आडवी लांबी भागिले उभी उंची करायची. मातीच्या धरणात हा आकडा साधारण 2 ते 2.5 येतो, स्वतःच्या वजनावर रेटा पेलणाऱ्या ग्रॅव्हिटी धरणात 0.7 ते 0.8. ग्रॅव्हिटीची भिंत माथ्याजवळ बहुधा उभीच असते, त्यामुळे तो भाग सोडून खालचा उतार धरायचा. कमानी भिंत पातळ आणि जवळजवळ उभी. कधी वरचा भाग कोरड्या बाजूला झुकलेलाही दिसतो.

कॅमेरा माथ्याच्या रेषेपासून वळला की आडवी लांबी आखडते. 60 अंश वळला तर ती निम्मीच उरते, आणि 2.2 चा उतार 1.1 भासतो. त्यामुळे समोरून काढलेल्या फोटोवर हे गणित करूच नये. हिरवळ, टप्पे, पाण्याकडची दगडी पिचिंग यावरून काय कळेल तेवढंच.

बट्रेसच्या, म्हणजे पातळ पडद्याला मागून टेकू दिलेल्या धरणाच्या बाबतीत फसवतं ते कोयना. 1967च्या भूकंपात भिंतीला तडे गेल्यावर उंच भागाला मागून काँक्रीटचे टेकू दिले गेले, आणि फोटोत आधी तेच डोळ्यांत भरतात. पण दोन टेकूंच्या मधे बघा: तिथे भिंतीचा स्वतःचा भरीव उतार आहे, आणि पाण्याकडची बाजू जवळजवळ उभी. म्हणजे ग्रॅव्हिटीच. खऱ्या बट्रेस धरणात टेकूंमधल्या पोकळीतून थेट पातळ पडद्याची पाठ दिसते, आणि तो पडदा पाण्याच्या बाजूला बराच, कित्येकदा 45 अंशांच्या आसपास, उतरता असतो; त्यावरच्या पाण्याचं वजनच धरणाला खाली दाबून धरतं. जलाशय भरलेला असेल तर हा कल बुडून जातो, तेव्हा उन्हाळ्यातला फोटो शोधावा.