जास्वंदीच्या पोटात भेंडी

आज चौथीच्या वर्गात जास्वंद उघडली. एकेरी पाकळ्यांचीच फुलं मुद्दाम आणली होती. दुहेरी जास्वंदीत बरेचसे पुंकेसर पाकळ्यांसारखे झालेले असतात, मग मुलांना दाखवायचं काय?

निदलं आणि पाकळ्या भराभर सुटल्या. खरी गंमत मधल्या लांब दांड्यात. मुलं त्यालाच स्त्रीकेसर समजतात आणि वहीत तसंच नाव लिहितात. पण ती पुंकेसरांची नळी असते. टाचणीने खालून वर अलगद चीर दिली की आत पांढरट दोरा दिसतो, तो कुक्षीवृंत. टोकाला पाच मखमली लाल ठिपके, त्या कुक्षी. बोटावरचे पिवळे पराग तिथे टेकवले की चिकटून बसतात. सगळ्यांनी मग आपापली आकृती खोडून नळीच्या आत दोरा काढला.

तळाचा अंडाशय मी ब्लेडने आडवा कापला. भिंगातून पाच कप्पे आणि इवलीशी बीजांडं दिसली.

एकीने विचारलं, "बाई, आमच्या जास्वंदीला फळ का येत नाही?" बागेतल्या जास्वंदीत बी क्वचितच धरतं, म्हणून आपण फांदी लावतो, असं सांगितलं. पण परागीभवनानंतर अंडाशयाचं काय होतं, हे दाखवायला डब्यात तिच्याच कुळातली भेंडी होती. आडवी चकती कापली, तर तेच पाच कप्पे, फक्त बिया टपोऱ्या. दोन्ही चकत्या शेजारी ठेवून मुलं रेखाटत होती, तेवढ्यात घंटा झाली. कुणी उठेचना!