पोस्टरना नंबर लावताना मी काय बघते

"मॅडम, तुम्ही पोस्टरना नंबर कसे लावता हो? आमच्या मुलीचं एवढं सुंदर होतं, तरी तिसरं कसं आलं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आधी मी जवळ जातच नाही. पोस्टरं भिंतीवर लागली की दहा फुटांवर उभी राहते, प्रदर्शनात लोक साधारण तेवढ्यावरूनच बघत जातात ना, आणि तिथून काय वाचता येतं ते बघते. त्यावरून तीन गठ्ठे मनातल्या मनात होतात: विषय कळला, फक्त शीर्षक कळलं, काहीच नाही कळलं. दहापैकी मार्क मी देत नाही, कारण मग सगळ्यांना सात नाहीतर आठच पडतात. त्याऐवजी एका गठ्ठ्यातली दोन-दोन शेजारी धरायची आणि यातलं कोणतं वर, एवढंच ठरवायचं.

यंदा सहावीचा विषय जलचक्र होता. तुमच्या लेकीचं निळ्या कार्डशीटवर चंदेरी ग्लिटर पेनने लिहिलेलं, हातात घेतलं तर खरंच छान, पण ट्यूबलाइट त्यावर चमकली की अर्धी अक्षरं गायब. शिवाय निळ्यावर जांभळे बाण. अशा वेळी मी मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढते, त्यात बाण आणि कागद एकाच राखाडी रंगाचे दिसले की समजायचं, रंग वेगळे असले तरी उजेड-अंधाराचा फरक नाहीये. पांढऱ्यावर पिवळ्या स्केचपेनचंही तेच होतं.

दुसऱ्या नंबरचं पांढऱ्या कागदावर काळ्या मार्करने लिहिलेलं, अक्षर झकास, पण ओळी इतक्या चिकटून की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले. आपल्या लिपीला वर-खाली दोन्हीकडे जागा लागते, दोन ओळींत निदान एका अक्षराएवढी तरी मोकळी सोडावी. आणि जाड मार्करने बारीक लिहिलं की जोडाक्षरं भरून जातात, लांबून भ आणि म, घ आणि ध सारखेच दिसतात. तरी बाण ठळक होते, म्हणून ते वर गेलं.

पहिलं आलं ते चित्रकलेच्या बाबतीत तिघांत सगळ्यात कच्चं होतं, ढग म्हणजे नुसते गोळे! पण शीर्षकाची अक्षरं इंच-दीड इंच उंच, मध्ये मोकळी जागा, समुद्रापासून ढग, पाऊस, नदी असा बाणांचा एकच गोल फेरा, आणि रंग तीनच, त्यातही निळा फक्त पाण्याला. कुठून वाचायला सुरुवात करायची हे विचारावंच लागलं नाही.

दोन पोस्टरं अगदीच बरोबरीची झाली तर वाचनीयता आधी, मग मांडणी, रंग शेवटी, हा क्रम मी मुलांना आधीच सांगून ठेवते. बाकी कागदावर कोणाच्या आईचं अक्षर आहे ते मला लगेच कळतं, पण त्याचे नंबर मी कापत नाही, तो विषय वर्गशिक्षकांचा.