‘प्राण्याला झालेला फायदा’ हा रकाना

एका फोटोखालच्या पाच ओळी मंजूर व्हायला मला नऊ दिवस लागले. अजून आठवलं की चीड येते, म्हणून लिहिते आहे.

नाशिकमध्ये माझं कुत्र्या-मांजरांचं छोटं ग्रूमिंग सलून आहे. जाहिरातीचं काम एका एजन्सीकडे दिलंय. मोगू नावाचा सहा वर्षांचा शिह त्झू आला तेव्हा त्याच्या कानांमागे, काखेत आणि शेपटीच्या बुडाशी केसांच्या घट्ट जटा झाल्या होत्या. कंगव्याचा दातसुद्धा आत जाईना. अशा जटा ओढून सोडवत बसलं तर कातडी ताणली जाते आणि कुत्र्याला दुखतं, म्हणून मी दहा नंबरचं ब्लेड लावून केस काढले. त्या ब्लेडने साधारण दीड मिलिमीटर केस राहतात. मधली विश्रांती धरून अडीच तास लागले. काढलेल्या केसांखाली उजव्या काखेत लाल चट्टा दिसला. तो मोगूला सांभाळणाऱ्या काकूंना दाखवला आणि डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. इथवर सगळं नेहमीसारखं.

मग मोगूचे ‘आधीचा’ आणि ‘नंतरचा’ असे फोटो जाहिरातीत लावण्यासाठी एजन्सीचा फॉर्म भरायला बसले. त्यात ‘प्राण्याला झालेला फायदा’ असा एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवला की फॉर्म पुढेच जाईना. निवडायला चारच पर्याय: तणावमुक्त, वेदनामुक्त, खाज बंद, आनंदी. यातलं एकही मला माहीत नव्हतं. मी केस कापले होते, खाजेवर औषध दिलं नव्हतं. मी तसं कळवलं, तर उत्तर आलं, ‘मॅडम, सगळे हेच लिहितात.’ तीन दिवस हेच चाललं. कंटाळून मी ‘खाज बंद’ निवडलं.

दुसऱ्याच दिवशी काकूंचा फोन. ‘अगं, हा तर आधीपेक्षा जास्त खाजवतोय!’ यात आश्चर्य नव्हतं. इतके दिवस झाकलेल्या कातडीला एकदम हवा लागली की काही दिवस खाज वाढू शकते. कानांवरचे जड केस गेल्यावर काही कुत्री इतकी डोकी झटकतात की कानाच्या पाळीत रक्त साचून ती सुजते. काकूंना मी कानांकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि त्याच बैठकीत एजन्सीला लिहिलं की ती जाहिरात थांबवा. मोगू तिकडे पाय घासत असताना मी इकडे ‘खाज बंद’ लावणार होते, याची मला खरंच लाज वाटली.

मग फोटोवरून अडलं. त्यांनी निवडलेल्या ‘नंतरच्या’ फोटोत मोगू तोंड उघडून जीभ बाहेर काढून बसला होता आणि खाली ‘बघा, हसतोय!’ असं लिहिलं होतं. तो फोटो ड्रायर बंद केल्यावर लगेच काढलेला होता. उकाड्याने तो धापा टाकत होता, कान मागे आणि डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसत होता. मी वीस मिनिटांनंतरचा फोटो पाठवला. त्यात तोंड मिटलेलं, अंग सैल. शिवाय ‘आधीचा’ फोटो दाराशी अंधारात आणि ‘नंतरचा’ झगझगीत दिव्याखाली, हेही मला पटत नव्हतं. आता दोन्ही फोटो एकाच टेबलावर, त्याच दिव्यात आणि त्याच कोनातून काढते.

शेवटी मी त्यांना स्पष्ट विचारलं, उद्या कुणी पुरावा मागितला तर ‘वेदनामुक्त’चा तुम्ही काय देणार? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये भ्रामक जाहिरातीची व्याख्या आहे आणि सेवांच्या जाहिरातीही तिच्यात येतात. दोन दिवस शांतता. मग आमच्यापुरता त्या रकान्याचा मथळा ‘काय काम केलं’ असा बदलून आला.

लागलेलं कॅप्शन हे:

‘मोगू, शिह त्झू, वय ६. कानांमागे आणि काखेत जटा होत्या. त्या सुटण्यासारख्या नसल्याने केस अगदी बारीक कापले. वेळ: अडीच तास, मध्ये विश्रांती. काखेत लालसरपणा दिसला, तो पालकांना दाखवून डॉक्टरांकडे जायला सांगितलं. केस परत वाढायला काही महिने लागतील. आंघोळीआधी कोरडे असतानाच विंचरा. जटा ओल्या झाल्या की आणखी घट्ट होतात.’

एक राहिलंच, आणि खरं तर हे सगळ्यांत आधी करायला हवं होतं: कॅप्शन लावण्याआधी काकूंना वाचायला पाठवणं. माझ्या मसुद्यात ‘महिनोन्महिने न विंचरलेले केस’ असं होतं. त्यांचा हात मोडून प्लास्टरमध्ये होता हे मला तेव्हा कळलं. ते शब्द मी काढले, मग त्यांनी फोटो वापरायला होकार दिला.

पुढच्या आठवड्यात एका पर्शियन मांजरीचे फोटो त्याच फॉर्ममधून पाठवले. संध्याकाळी मंजूर होऊन आले.