अंगठीच्या आत दहा अक्षरं

लग्नाच्या अंगठीच्या आत काहीतरी कोरून घ्यायचं एवढंच ठरलं होतं, पण काय कोरायचं यावर आमचे पंधरा दिवस गेले. आम्ही वसईचे, चर्चमध्ये लग्न, त्यामुळे अंगठ्या होत्याच. मी म्हटलं मराठीत 'तुझीच' लिहू, तर सोनार म्हणाला, "ताई, साडेतीन मिलिमीटरची पट्टी आहे, अक्षर दीड मिलिमीटरचं येणार, त्यात वेलांटी वर आणि उकार खाली, मधे अक्षराला जागाच कुठे?" खरंच त्याने तांब्याच्या तुकड्यावर लेझरने करून दाखवलं आणि ते 'तझच' दिसलं.

मग होणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात लॅटिन आलं. त्याचे आजोबा लहानपणी मिसाला वेदीवर सेवा करायचे, तेव्हा मिसा लॅटिनमध्येच असायची, मराठी नंतर आली, साठच्या दशकात. पहिली पसंती अर्थात 'आमोर विन्चित ओम्निया', प्रेम सगळ्यावर मात करतं. रोमन लिपीत मधल्या जागा धरून सतरा अक्षरं.

आता हिशोब बघा. माझा साइज १२, म्हणजे आतला घेर साधारण ५२ मिलिमीटर (आपल्याकडच्या नंबरात ४० मिळवले की घेर येतो, हे मला तिथेच कळलं). त्यातला सेंटिमीटरभर हॉलमार्क आणि सहा अक्षरी एचयूआयडी खातो, तो पुसायचा नाही. आणखी सेंटिमीटरभर मागे कोरं ठेवायचं, कारण उद्या बोट जाड झालं की अंगठी तिथेच कापून वाढवतात, आणि तिथे मजकूर असेल तर प्रेमाचे दोन तुकडे. उरले ३० च्या आसपास. एका अक्षराला दोन मिलिमीटर धरले तर पंधरा अक्षरं. आमोर गेलं.

'सेम्पर तुआ' बसत होतं, दहाच अक्षरं, 'कायम तुझी'. दोन्ही अंगठ्यांवर हेच टाकायचं म्हणून ऑर्डर देणार, तेवढ्यात आमच्या एका म्हाताऱ्या फादरना सहज दाखवलं, ते हसायलाच लागले. 'तुआ' बाई म्हणते, पुरुषाने म्हणायचं तर 'तुउस'. म्हणजे आपलंच तुझा-तुझी की! इंग्रजीची सवय लागल्यावर हे लक्षातच येत नाही. आणि पुढचा घोळ, माझ्या बोटातली अंगठी बोलतेय कोण? मी की तो? अंगठी तो माझ्या बोटात घालणार म्हणजे शब्द त्याचे, सबब माझ्या अंगठीत पुरुषाचं रूप, त्याच्या अंगठीत बाईचं. सोनाराला हे तीनदा सांगितलं, शेवटी चिठ्ठीवर 'लहान अंगठी = तुउस' असं लिहून डबीलाच चिकटवलं.

फादरनी अजून एक सुचवलं, जुन्या पद्धतीने यूच्या जागी व्ही कोरा, दगडावर तसंच असतं. करून बघितलं तर त्याच्या अंगठीत 'टी व्ही ए' दिसायला लागलं. नको म्हटलं, साधा यूच बरा.

अंगठ्या आल्यावर आधी भिंग मागितलं. माझ्यातलं शेवटचं एस हॉलमार्कला जरा खेटलंय, पण रूप बरोबर आहे.