मेलेला एसी: सॉकेटपासून इनडोअर बोर्डाच्या फ्यूजपर्यंत

परवाच्या वळवात राजारामपुरीत लाईट दोन-तीनदा गेली-आली आणि मामांचा दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी गपगार झाला. डिस्प्ले नाही, रिमोट दाबला तर बीप नाही. पुढची झाकणी उचलून इमर्जन्सी बटण दाबलं, तरी काही नाही. म्हणजे रिमोटच्या सेलचा प्रश्न मिटला. आता शोधायचं एवढंच, की सप्लाय नेमका कुठपर्यंत येतो.

मामांनी आधीच टेस्टर लावला होता. "लाईट आहे की रे प्लगात, टेस्टर पेटतोय चांगला!" पण टेस्टर फक्त फेज सांगतो. न्यूट्रल तुटलेला असला तरी तो पेटतोच, म्हणून त्याच्या भरवशावर पुढं जायचं नाही. सॉकेटवर मीटरनं फेज-न्यूट्रल २२९ आणि फेज-अर्थ २३१ व्होल्ट आले. फेज-अर्थ व्यवस्थित येऊन फेज-न्यूट्रल गायब असता, तर न्यूट्रलची वायर शोधत बसावं लागलं असतं.

तेवढ्यानंही माझं समाधान होत नाही. स्क्रू ढिला असला तरी बिनलोड व्होल्टेज पूर्ण दिसतं, कारण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. म्हणून त्याच सॉकेटला हजार वॅटची इस्त्री लावली. ती सव्वाचार अँपिअरच्या आसपास घेते. व्होल्टेज २२९ वरून २२६ वर आलं आणि तिथंच थांबलं. ते दीडशेवर कोसळलं असतं, तर एमसीबीचा स्क्रू, सॉकेटची पकड किंवा मधला जोड जळालेला निघाला असता. एमसीबी पूर्ण खाली करून परत वर केला, कारण ट्रिप झालेला खटका कधी कधी मध्येच अडकून राहतो आणि लांबून चालू वाटतो. प्लगटॉप उघडून बघितला, तोही स्वच्छ होता. मधे स्टॅबिलायझर नाही. असता तर त्याच्या आउटपुटला हीच इस्त्रीची परीक्षा घेतली असती.

या मॉडेलला सप्लाय इनडोअरला येतो. काही इन्व्हर्टर एसींना तो थेट आउटडोअरला जातो, तिथं हा शोध बाहेरच्या टर्मिनलपासून सुरू करावा लागतो. इनडोअरच्या टर्मिनल पट्टीवर २२८ मिळाले. म्हणजे घराची वायरिंग सुटली, दोष बोर्डावर.

एमसीबी बंद करून प्लग काढला आणि पाच-दहा मिनिटं हात लावला नाही. फ्यूज शाबूत असून पुढची पॉवर सप्लाय बंद पडलेली असेल, तर मोठ्या कपॅसिटरवर तीनशेच्या वर डीसी साठून राहतं. त्यामुळं आधी कपॅसिटर मोजला. शून्य आला आणि संशय फ्यूजवर गेला. फ्यूज बोर्डाला डाग दिलेला, वर काळी स्लीव्ह, त्यामुळं डोळ्यांनी काहीच कळत नाही. शेजारी बोर्डावर `T3.15A 250V` छापलेलं. कंटिन्युइटी लावली, मीटर गप्प. फ्यूज उडालेला.

इथंच बरेच जण नवा फ्यूज टाकून मोकळे होतात आणि तो लगेच उडतो. काढून स्लीव्ह सोलली, तर काच आतून काळी-चंदेरी झालेली. नुसती तार वितळून मध्ये फट पडली असती, तर ओव्हरलोड किंवा म्हातारपण म्हणता आलं असतं. काच अशी माखली म्हणजे करंट एकदम जोरात गेला, कुठंतरी थेट शॉर्ट आहे. फ्यूजच्या लगेच पुढं फेज-न्यूट्रलमध्ये निळी चपटी टिकली असते, व्हॅरिस्टर, `10D561K`. तिच्या कडेला केसाएवढी चीर आणि खाली बोर्डावर काजळी दिसत होती. मोजली तर चार ओहम! चांगली असती तर मीटरनं ओपन दाखवलं असतं. टिकली काढल्यावर त्याच जागेवर शॉर्ट राहिला नाही, म्हणजे पुढचा, सप्लायचं डीसी करणारा ब्रिज वाचला होता.

त्या आकड्यातला ५६१ म्हणजे ५६० व्होल्ट, तिथं ती करंट सोडायला लागते. घरच्या अल्टरनेटिंग सप्लायच्या हिशेबात सतत ३५० व्होल्टपर्यंत सहन करते. लाईट परत येताना व्होल्टेज त्याच्या वर उसळलं असणार. ती आपण शॉर्ट झाली, फ्यूज उडवला आणि मागचं वाचवलं. त्यामुळं तिच्याशिवाय एसी चालत असला तरी जागा मोकळी सोडायची नाही. शाहूपुरीतून त्याच नंबरची टिकली आणि स्लो-ब्लो ३.१५ अँपिअरचा फ्यूज आणला. फ्यूजच्या जागी तार पिळायची नाही, पुढच्या वेळी बोर्डाचा ट्रॅकच जळतो.

पहिली चालू सिरीज बल्बवर केली. आउटडोअरच्या वायरी पट्टीवरून सोडवल्या, फॅन मोटरचा कनेक्टर काढला आणि मध्ये साठ वॅटचा साधा बल्ब घातला. बल्ब क्षणभर लखलखला आणि विझल्यासारखा मंद झाला. भरभरून पेटत राहिला असता तर शॉर्ट अजून शिल्लक. बीप आला, १२ आणि ५ व्होल्टचे सप्लाय बरोबर भरले. मग मोटर जोडून बघितली, कारण तिची वाइंडिंग शॉर्ट असली तरी हाच फ्यूज जातो. ती ठीक निघाली. बल्ब काढून सगळं परत जोडलं. डिस्प्लेवर २४ आलं, साधारण तीन मिनिटांनी आउटडोअर लागला.

आता डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ बसवायचं ठरलंय, एसीच्या वायरवरच. फ्रीजसाठी वेगळा घ्यावा की मेनलाच एक, यावर मामा अजून विचारच करतायत.