आमची वाटचाल : मिनिटावर भाव लावणारं आमचं भाषांतराचं दुकान

आमच्या लाइनमधले लोक हे वाचतील म्हणून सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. मॅन्युअल, लेबलं, नोटीस बोर्डावरची सूचनापत्रकं, बँकेचे फॉर्म, जे सगळे करतात तेच आम्हीही केलं. सदाशिव पेठेत एक खोली, दोन कॉम्प्युटर, त्यात श्रीलिपी आणि शब्दाला अमुक पैसे हा रेट. त्या कामावर घर चाललं, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यात सांगण्यासारखंही काही नाही. खरी गोष्ट भाषणांपासून सुरू होते आणि भाषणं आमच्याकडे आली ती बाईंमुळे.

बाई म्हणजे आमच्या पार्टनर. रेडिओवर निवेदनात आयुष्य गेलेलं, रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून आमच्याकडे प्रूफं बघायला आल्या. एका कारखान्याच्या साहेबांचं इंग्रजी भाषण मराठी करून पाठवायचं होतं, मी केलेलं त्यांनी हातात घेतलं, मोठ्याने वाचायला लागल्या आणि दुसऱ्याच वाक्याला थांबून म्हणाल्या, "अरे, हे वाचायला बरंय, पण म्हणायचं कुणी?" त्यानंतर आमच्या ऑफिसातून एकही भाषण मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर गेलेलं नाही. वाचणारा उभा राहून वाचतो. बसून वाचलं की लांब वाक्यं खपून जातात.

आता ज्याच्याबद्दल मला राग आहे ते सांगतो. चाकणच्या एका मोठ्या प्लांटचं काम आमच्याकडे होतं, वर्षाकाठी आमचं निम्मं दुकान त्यावर चालायचं. तिथे पर्चेस डिपार्टमेंटला नवीन माणूस आला, त्याने तीन कोटेशनं मागवली आणि दुसऱ्या एका एजन्सीने शब्दाला आमच्या निम्म्याहून कमी रेट टाकला. नाव घेत नाही, लाइनमधल्यांना कळेलच. काम गेलं. ते एक वेळ ठीक, धंदा आहे, पण त्या लोकांनी केलेलं भाषांतर व्याकरणात चोख होतं, एक वेलांटी चुकलेली नाही, आणि सगळ्यांना वाटलं की मग फरक काय. फरक मंचावर कळला. तो कागद नंतर माझ्याकडे आला म्हणून वाक्यासकट सांगू शकतो.

इंग्रजीत साधारण असं होतं, की लास्ट इयर वी हॅड टू टेक सम टफ डिसिजन्स, अँड आय वाँट टू थँक यू फॉर युवर पेशन्स. त्याचं केलेलं होतं: "मागील वर्षी आपणास काही कठीण निर्णय घ्यावे लागले व आपण दाखविलेल्या संयमाबद्दल मी आपले आभार मानू इच्छितो." कागदावर कुणी लाल पेन लावणार नाही. पण समोर शिफ्ट संपवून आलेले सहा-सातशे कामगार, ज्यांचा ओव्हरटाइम त्या वर्षी बंद झाला होता. पहिल्या "आपणास" मध्ये ते आहेत की नाहीत? मराठीत आपण म्हणजे आम्ही-तुम्ही मिळूनही होतं आणि आदराने तुम्हीही होतं, आणि इथे एकाच वाक्यात दोन्ही आलंय. मागच्या रांगेतून आवाज आला, "आम्ही कधी घेतला निर्णय?" आणि पुढचं भाषण कुणी ऐकलं नाही. इंग्रजीतला वी असा सगळ्यांना पोटात घेतो, मराठीत आम्ही की आपण हे ठरवावंच लागतं आणि ते डिक्शनरी ठरवत नाही, फोन करून साहेबांना विचारावं लागतं की निर्णय घेतला कुणी. आम्ही असतो तर विचारलं असतं आणि लिहिलं असतं: "गेल्या वर्षी ओव्हरटाइम बंद केला. निर्णय आमचा होता, मॅनेजमेंटचा. त्रास झाला तुम्हाला. तरी तुम्ही सांभाळून घेतलंत. त्याबद्दल तुमचे आभार." ओव्हरटाइम हा शब्द मूळ इंग्रजीत नाही, तो आपल्या मनाने घालायचा नाही, विचारून घालायचा. साहेब नको म्हणाले तर "काही निर्णय आम्हाला घ्यावे लागले" एवढंच, पण "आम्हाला"च. आणि "मानू इच्छितो" कशाला, मानायचे तर मानून मोकळं व्हा ना.

प्लांटने आम्हाला लगेच परत बोलावलं असं मात्र झालं नाही. लोक समजतात तसा न्याय धंद्यात मिळत नाही. दोन मुलं सोडून गेली, खोली अर्धी दुसऱ्याला भाड्याने दिली, बाईंनी काही महिने पैसे घेतले नाहीत, त्याही मला बोलू देत नाहीत त्यावर, म्हणून इथे लिहून ठेवतो.

त्या काळात एकच गिऱ्हाईक टिकलं, एका कंपनीचे उत्तर प्रदेशाकडचे प्लांट हेड. हिंदीमुळे देवनागरी सफाईने वाचायचे, मराठी समजायचं, बोलायला कचरायचे, पण खंडेनवमीला मशिनची पूजा झाली की कामगारांसमोर मराठीतच बोलणार हा हट्ट. त्यांच्यामुळे आम्ही अर्धं काम शिकलो. पहिली गोष्ट च आणि ज. हिंदीवाला "चाललं" मधला च "चहा" मधल्या चसारखा म्हणतो आणि लोक हसतात. "माझी" बरोबर येतं पण "माझा" चुकतं, कारण लिहिताना दोन्हीकडे झ एकच आहे आणि उच्चार वेगळा. म्हणून त्यांच्या प्रतीत जिथे दाताजवळचा उच्चार हवा तिथे अक्षराखाली टिंब द्यायला लागलो: च़ाललं, माझ़ा, ज़ागा. छापायच्या प्रतीत हे नसतं, फक्त वाचायच्या प्रतीत. दुसरं म्हणजे ळ आणि ण यांची गर्दी नको, कारण "सगळ्यांनी मिळून" त्यांच्या तोंडी "सगल्यांनी मिलून" व्हायचं, मग आम्ही "सर्वांनी एकत्र" करायचो. भाषा थोडी सपाट होते खरी पण माणूस अडखळत नाही.

आकडे अक्षरातच लिहायचे, हे तर मराठी माणसासाठीसुद्धा. इंग्रजी मीडियमच्या डायरेक्टरला ५९ आणि ६९ दिसले की तो मंचावर थांबतो आणि मग फिफ्टी नाइन म्हणून मोकळा होतो. एकोणसाठ असं लिहा. १,२५० असेल तर साडेबाराशे लिहा, एक हजार दोनशे पन्नास असं जेवताना तरी कुणी म्हणतं का. दीड मिलियनचे पंधरा लाख करा आणि बिलियन आला तर शंभर कोटी.

कागदाबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. अठरा पॉइंट, एका बाजूला छपाई, पानाचा खालचा तिसरा भाग कोरा, नाहीतर बोलणाऱ्याची मान खाली जाते आणि आवाज माइकमधून निसटतो. पान वाक्य पूर्ण झालं तिथेच संपवायचं. स्टेपल करायचं नाही, पानं एकावरून एक सरकवायची. ओळ श्वासावर तोडायची, "पुण्याच्या" एका ओळीत आणि "बाहेर" दुसऱ्या ओळीत असं कधी नाही. थांब्यासाठी बाई पेन्सिलने एक तिरकी रेघ मारतात, श्वासासाठी दोन. श्रीलिपीतलं भाषण साहेबांच्या लॅपटॉपवर उघडलं की सगळा कचरा दिसतो, म्हणून आता युनिकोडमध्येच. प्रॉम्प्टर असेल तर आदल्या दिवशी फाइल चालवून बघायची, काही मशिनवर जोडाक्षरं फुटतात आणि र्‍या सुटा दिसतो.

नवीन मुलांना आम्ही एकच टेस्ट देतो, अब्राहम लिंकनचं गेटिसबर्गचं भाषण, १९ नोव्हेंबर १८६३ चं. जेमतेम पावणेतीनशे शब्दांचं, दोन-तीन मिनिटांत होतं, पण शेवटचं वाक्य एकटंच ऐंशी शब्दांच्या आसपास आहे. इंग्रजीत ते चालतं कारण क्रियापद लवकर येतं आणि पुढे दॅट, दॅट, दॅट असे तुकडे एकामागे एक लागत जातात, ऐकणारा कुठे हरवत नाही. मराठीत मुलं ते एकाच वाक्यात बसवतात आणि शेवटी लिहितात, "...लोकांचे, लोकांनी व लोकांसाठी चालविलेले शासन पृथ्वीतलावरून नष्ट होणार नाही असा आपण येथे निश्चय करू या." म्हणजे आपण काय करायचं ते शेवटी कळलं, तोवर सभा पानसुपारीला लागली. बाईंनी करून ठेवलेलं असं आहे: "आज इथे ठरवूया. हे गेले, ते फुकट जाणार नाहीत. आज ठरवूया. देवाच्या कृपेनं या देशात स्वातंत्र्य पुन्हा जन्म घेईल. आणि ठरवूया. हे राज्य लोकांचं, लोकांनी चालवलेलं, लोकांसाठी चालणारं. ते या पृथ्वीवरून पुसलं जाणार नाही. कधीच नाही." दॅटची पुनरावृत्ती गेली, तिच्या जागी ठरवूया आलं, आणि टाळी जिथे हवी तिथे वाक्य संपलं. "कधीच" मूळात नाही, त्यावरून माझं आणि बाईंचं अजून भांडण होतं. मी म्हणतो काढा. त्या म्हणतात, "नाही" एकटं पडलं की आवाज खाली जातो, त्याला आधार लागतो. वाक्याच्या शेवटी आहे, होते, नाही असलं काही आलं की बोलणारा ते गिळतो हे मात्र खरंय, म्हणून जोराचा शब्द आधी अडकला असेल तर त्याला क्रियापदाच्या मागे न्यायचा. "हे यश तुम्ही मिळवलं आहे" ऐवजी "हे यश मिळवलंय तुम्ही." बोलताना आपण असंच बोलतो, लिहिताना मात्र कुणाला तरी घाबरतो.

आता रेटचं. दहा मिनिटांच्या इंग्रजी भाषणाचे बाराशे शब्द धरा. मराठी केलं की आमच्या अनुभवाने हजाराच्या आसपास भरतात, कारण ऑफ, फॉर, टू सगळे शब्दाला चिकटतात. पर्चेसवाला खूश होतो. पण "कर्मचाऱ्यांसाठीच्या" म्हणायला जो वेळ लागतो तो लागतोच आणि भाषण बारा मिनिटांवर जातं. मग त्यातला सहावा भाग काढावा लागतो, तोही साहेबांना विचारून, आणि खरं काम तेच आहे. म्हणजे शब्दावर रेट लावला तर जितकं चांगलं काम तितके कमी पैसे. म्हणून आम्ही मिनिटावर भाव लावायला लागलो, मोठ्याने वाचून स्टॉपवॉचवर येईल ते मिनिट, त्यात एक तालीम धरून. लाइनमधले हसले. नव्या मुलांना सांगतो, भाषणाचं काम शब्दावर घेऊ नका, आणि ज्याला बोलायचंय त्याच्याशी बोलायला मिळणार नसेल तर घेऊच नका.

चाकणचा तो पर्चेसवाला बदलून गेला, नवीन एचआर मॅडमनी वार्षिक सभेच्या आधी फोन केला. तेव्हापासून त्यांची भाषणं आमच्याकडेच आहेत, मॅन्युअल अजून त्या दुसऱ्या एजन्सीकडे आहेत आणि राहू देत. कोटेशनच्या फॉर्ममध्ये मात्र अजूनही "प्रतिशब्द दर" असा एकच रकाना आहे. त्यात आम्ही रेघ मारतो आणि खाली हाताने मिनिटाचा भाव लिहितो, मग अकाउंट्समधून फोन येतो की हे सिस्टिममध्ये बसत नाही.