आईची निळी पाटी आणि पाच मिनिटांचं दूध

आई आमच्याकडे कॅलिफोर्नियात राहायला आली तेव्हा तिचे गुडघे पार गेलेले होते, काठी घेऊन पन्नास पावलं चालली की बसायला जागा शोधायची. इथे दुकानांची पार्किंग म्हणजे आपल्याकडचं एखादं क्रिकेटचं मैदानच, शेवटच्या टोकाला गाडी लागली की आई दारापर्यंत पोचेपर्यंत दमून जायची. मग कोणीतरी सांगितलं अगं हँडिकॅप प्लॅकार्ड काढ ना तिचं, म्हणजे अपंगांसाठी राखीव जागेत गाडी लावायची परवानगी देणारी पाटी.

काढणं खरंच सोपं आहे. डीएमव्हीचा (म्हणजे आपल्या आरटीओसारखं ऑफिस) REG 195 नावाचा फॉर्म असतो, अर्धा आपण भरायचा आणि अर्धा डॉक्टरने, त्यात काय त्रास आहे ते लिहून सही करायची. त्रास कायमचा असेल तर निळी पाटी मिळते, तिला फी नाही आणि ती विषम वर्षाच्या ३० जूनला संपते. फ्रॅक्चर, ऑपरेशन असलं तात्पुरतं काही असेल तर लाल पाटी, तिला ६ डॉलर, आणि ती जास्तीत जास्त सहा महिने चालते. आईला निळी मिळाली. गाडी उभी केली की आरशाला लटकवायची, निघताना काढून ठेवायची, लटकवून गाडी चालवणं पण नियमात बसत नाही. फायदे भारी आहेत, निळ्या खुणेची जागा तर मिळतेच पण रस्त्यावरच्या मीटरला पैसे टाकावे लागत नाहीत, आणि फुटपाथच्या हिरव्या रंगवलेल्या कडेला जिथे बाकीच्यांना वीस मिनिटंच मिळतात तिथे हवा तेवढा वेळ. लाल रंगवलेल्या कडेला मात्र पाटी असली तरी नाही म्हणजे नाही.

पाटीबरोबर एक छोटी स्लिप येते, त्यावर नाव असतं. ती आम्ही गाडीच्या कप्प्यात टाकली आणि विसरलो. इथेच घोळ झाला.

डिसेंबरचा शनिवार, इंडियन स्टोअरबाहेर तुडुंब गर्दी. नवरा एकटाच दूध आणि कढीपत्ता आणायला गेला, दोन चकरा मारल्या, जागा नाही, आणि समोर निळी जागा रिकामी. पाटी गाडीतच होती, लटकवली, म्हणे पाच मिनिटांचं काम. बाहेर आला तर साध्या कपड्यातला एक माणूस उभा, बॅज दाखवला, डीएमव्हीचे स्वतःचे तपासनीस असतात आणि सुट्टीच्या गर्दीत ते असं मुद्दाम उभे राहतात हे आम्हाला तेव्हा कळलं. त्याने शांतपणे स्लिप मागितली. नाव बाईचं. ही कोण? सासूबाई. कुठे आहेत? घरी. झालं, पुढे बोलायला काही उरलंच नाही 😐

पाटी जागच्या जागी जप्त, हातात चिठ्ठी आणि कोर्टाची तारीख. पाटीच्या गैरवापराला कायद्यात २५० ते १००० डॉलर दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत जेलही होऊ शकते, म्हणजे हे साधं पार्किंगचं तिकीट नाही, गुन्हाच आहे. वर कोर्टाचे चार्जेस चढतात ते वेगळेच, आमचं बिल हजाराच्या घरात गेलं. नवरा म्हणत होता अरे पण पाटी खरी आहे, खोटी थोडीच आहे! पण पाटी गाडीला नाही, माणसाला मिळालेली असते, आई शेजाऱ्यांच्या गाडीत बसली तर ती तिथे चालते आणि आमच्याच गाडीत आई नसेल तर चालत नाही.

अजून एक गोष्ट जी मलाही माहीत नव्हती. निळ्या जागेच्या बाजूला तिरप्या रेघांचा पट्टा असतो, किमान ५ फूट रुंद, त्यावर मोठ्या अक्षरात नो पार्किंग लिहिलेलं. मला वाटायचं उगाच जागा वाया घालवलीय. मग एकदा दवाखान्याबाहेर बघितलं, व्हीलचेअरवरच्या आजोबांच्या व्हॅनचा रॅम्प तिथेच उघडतो, आणि कोणीतरी नेमकी तिथे छोटी गाडी घुसवलेली, स्वतःची पाटी लावून! रॅम्प अर्ध्यातच अडकला, आजोबा आत, मुलगी बाहेर, वीस मिनिटं तशीच वाट बघत उभी. पाटी असली तरी त्या पट्ट्यावर गाडी लावायला बंदीच आहे, त्यालाही दंड बसतो.

आम्ही पाटीसाठी परत अर्ज केला, नवीन येईपर्यंत आईचे पुन्हा तेच हाल, लांबून चालत. आता नवीन पाटी आणि स्लिप दोन्ही आईच्या पर्समध्ये असतात, बडीशेपेच्या डबीशेजारी, आणि जावयाने मागितली की आधी विचारते, मी येतेय का बरोबर?